सर्टिफिकेटवर छत्तीस लाख शेअर, मग टक्के नेमके किती?

*आम्ही तिघांनी मिळून बागायतदारांसाठी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर केलं. कंपनी अमेरिकेत डेलावेअरला नोंदवली. मी रत्नागिरीत, एक भागीदार कॅलिफोर्नियात, तिसरा पुण्यात. पुण्याचा मित्र २० मे २०२५ ला बाहेर पडला. माझ्या सर्टिफिकेटवर CS-2 आणि 3,600,000 shares असं आहे. कॅप टेबलमध्ये, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात, माझ्यापुढे एका रकान्यात ४५ टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के दिसतात. पाच लाख डॉलर देणारा गुंतवणूकदार म्हणतो, तुमचे ३६ टक्के. कॅलिफोर्नियाचा भागीदारही ३६च म्हणतो, कारण कंपनीचे शेअर एक कोटी आहेत. खरं काय धरायचं? आणि गेलेल्या मित्राचे आठ लाख शेअर अजून तसेच दिसतायत, ते चालेल का?*
*— एक वाचक, रत्नागिरी*

शेवटच्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी थोडक्यात. ते आठ लाख तसेच ठेवू नका. तुमच्या करारात असे शेअर परत घेण्याची नेहमीची ९० दिवसांची अट असेल तर ती १८ ऑगस्ट २०२५ ला संपते. तोवर कंपनीने काय करायचं ते खाली सविस्तर येईल. पण त्यासाठी टक्क्यांचा गुंता आधी सोडवायला हवा, कारण मित्राचे शेअर परत आले की तुमचे टक्के बदलतात, आणि तुम्हाला ३६ सांगणाऱ्या दोघांपैकी कोणाचं कारण चुकीचं आहे तेही तिथेच उघडं पडतं.

सर्टिफिकेटवर टक्के कधीच नसतात, फक्त शेअरची संख्या असते. 3,600,000 म्हणजे छत्तीस लाख. अमेरिकेत स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनंतर देतात, त्यामुळे घाईत वाचताना एखादं शून्य इकडचं तिकडे होतं. आपल्या नोंदीत लिहिताना ३६,००,००० असं आपल्या पद्धतीने लिहून ठेवा. ही संख्या आपोआप बदलत नाही, टक्के मात्र भागाकारावर ठरतात. सामाईक जमिनीत आपली आणेवारी काढताना एकूण हिस्से किती धरले हे आधी पाहतो, तसंच इथे छत्तीस लाखांना कशाने भागलं ते पाहायचं.

तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून कंपनीचं चित्र असं दिसतं. तुमचे छत्तीस लाख, कॅलिफोर्नियाच्या भागीदाराचे छत्तीस लाख आणि पुण्याच्या मित्राचे आठ लाख, मिळून ऐंशी लाख. एवढे शेअर प्रत्यक्षात लोकांच्या नावावर आहेत. स्क्रीनवर हा रकाना Outstanding किंवा Issued या नावाने असतो, आणि ऐंशी लाखांत छत्तीस लाख म्हणजे ४५ टक्के. आज भागधारकांचं मतदान झालं तर तुमचं वजन एवढं.

दुसरा रकाना Fully Diluted. यात लोकांच्या नावावरचे शेअर येतातच, शिवाय कर्मचाऱ्यांना देण्यासाठी राखून ठेवलेला ऑप्शन पूलही येतो. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. त्यातले काही कोणाला दिलेले असतात, काही अजून कोणालाच दिलेले नसतात, तरी सगळे धरतात. तुमच्या रकान्यात ४० टक्के दिसतात, म्हणजे भाजक नव्वद लाख आहे आणि पूल दहा लाखांचा. कॅप टेबल उघडून हा दहा लाखांचा आकडा पडताळून पाहा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

आता भागीदाराचे एक कोटी. कंपनीच्या नोंदणीपत्रात Authorized म्हणून लिहिलेला हा आकडा आहे. कंपनी जास्तीत जास्त किती शेअर काढू शकते याची ती परवानगी, म्हणजे वरची मर्यादा. त्यातले जे शेअर अजून काढलेलेच नाहीत, ते कोणाच्याच मालकीचे नाहीत. म्हणून एक कोटीने भागून निघालेल्या टक्क्यांना मालकीच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. ही चूक नव्या संस्थापकांकडून फार होते, कारण नोंदणीपत्र हे सगळ्यात आधी हातात येणारा कागद आणि त्यात ठळक दिसणारा आकडा हाच.

अधिकृत आकड्याचा उपयोग दोन ठिकाणी आहे. एक, त्याहून जास्त शेअर काढले तर ते कायद्याने सदोष ठरतात आणि नंतर वेगळे ठराव करून दुरुस्त करावे लागतात. दोन, डेलावेअरचा वार्षिक फ्रँचायझी टॅक्स. दर वर्षी १ मार्चच्या आत तो भरायचा असतो, आणि राज्याकडून येणारी रक्कम बहुधा अधिकृत शेअरच्या पद्धतीने काढलेली असते. एक कोटी शेअरला ती ८५,१६५ डॉलर येते. राज्याचं हे पत्र पाहून घाबरू नका आणि तेवढे पैसेही भरू नका. दुसरी पद्धत कंपनीच्या एकूण मालमत्तेला काढलेल्या शेअरनी भागण्याची आहे. समजा वर्षअखेरीस मालमत्ता चार लाख डॉलर होती. तिला ऐंशी लाखांनी भागलं की शेअरमागे पाच सेंट येतात. त्याला एक कोटीने गुणलं की पाच लाख डॉलर. हा आकडा पुढच्या पूर्ण दहा लाखांवर नेतात आणि दर दहा लाखांना ४०० डॉलर आकारतात. म्हणजे कर ४०० डॉलर, आणि वार्षिक अहवालाचे ५० वेगळे. दुसऱ्या पद्धतीने भरायचं तर काढलेल्या शेअरची बरोबर संख्या द्यावी लागते, आणि ती कॅप टेबलमधूनच येते.

गुंतवणूकदाराचे ३६ टक्के वेगळ्या वाटेने आले आहेत. त्याने पाच लाख डॉलर दिले, पण कॅप टेबलमध्ये त्याच्यापुढे शेअर दिसणार नाहीत आणि त्याला सर्टिफिकेटही मिळणार नाही. कारण त्याने बहुधा सेफ घेतला आहे. सेफ म्हणजे आज पैसे देऊन पुढच्या गुंतवणूक फेरीत शेअर घेण्याचा करार. त्या करारात पोस्ट-मनी व्हॅल्युएशन कॅप नावाचा आकडा असतो, म्हणजे हे पैसे धरून कंपनीची जास्तीत जास्त धरायची किंमत. तुमच्या बाबतीत तो पन्नास लाख डॉलर असावा, कारण पन्नासातले पाच म्हणजे दहा टक्के धरले तरच गणित जुळतं:

```
90,00,000 ÷ 0.90      = 1,00,00,000
36,00,000 ÷ 1,00,00,000 = 36%
```

आजचे पूर्ण नव्वद लाख हे रूपांतरानंतरच्या एकूणपैकी नव्वद टक्के. म्हणून एकूण एक कोटी, त्यातले दहा लाख सेफवाल्याचे, आणि तुमचे ३६ टक्के. हा एक कोटी आणि नोंदणीपत्रातला एक कोटी केवळ योगायोगाने सारखे आले आहेत. गुंतवणूकदाराचं कारण बरोबर आहे. भागीदाराचं उत्तर बरोबर आलं तरी कारण चुकीचं आहे.

मित्राचे शेअर परत आले की हे दिसेल. त्यासाठी व्हेस्टिंग, म्हणजे शेअर काळानुसार पिकत, पक्के होत जाणं, समजून घ्यायला हवं. संस्थापकांना शेअर पहिल्या दिवशीच पूर्ण मिळतात, मतदानही पूर्ण शेअरवर होतं. पण माणूस मधेच गेला तर न पिकलेले शेअर मूळ किमतीला परत घेण्याचा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते. म्हणूनच सर्टिफिकेटवर छत्तीस लाख असले तरी सगळे अजून पक्के तुमचे झालेले नाहीत. नेहमीची अट चार वर्षांची असते. पहिल्या वर्षात काहीच पक्कं होत नाही, वर्ष पुरं झालं की एकदम बारा महिन्यांचे होतात, आणि पुढे दर महिन्याला एक अठ्ठेचाळीसावा भाग.

तुमच्या शेअर खरेदी करारात व्हेस्टिंग सुरू होण्याची तारीख पाहा. समजा ती 03/04/2024 अशी छापली आहे. आपण ती ३ एप्रिल वाचतो, अमेरिकेत ती ४ मार्च असते. ४ मार्च २०२४ पासून २० मे २०२५ पर्यंत पूर्ण चौदा महिने होतात. ३ एप्रिल धरली तर तेराच होतात, आणि मित्राच्या वाट्यातले सुमारे १६,६६७ शेअर इकडचे तिकडे होतात. अशा वादाला नंतर तोंड देण्यापेक्षा आजच तारीख अक्षरांत लिहून तिघांच्या ईमेलवर मान्य करून घ्या.

चौदा महिने धरले तर मित्राचे आठ लाखांपैकी २,३३,३३३ शेअर पक्के झाले, ते त्याचेच राहतात. उरलेले ५,६६,६६७ कंपनी परत घेऊ शकते. शेअरची मूळ किंमत ०.०००१ डॉलर असेल तर त्याला द्यायचे एकूण ५६.६७ डॉलर. रक्कम चहापाण्याच्या बिलाएवढी दिसते, म्हणून ती द्यायची राहून जाते. पण पैसे दिलेच नाहीत तर परत घेण्याचा व्यवहार पुरा झाला की नाही यावर पुढे वाद होऊ शकतो. बँकेतून पाठवा आणि पावती ठेवा.

परत घेण्याचं कलम नीट वाचा. काही करारांत माणूस गेला की कंपनीचा हक्क आपोआप बजावला गेला असं धरतात. काहींत कंपनीने ९० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावीच लागते, नाही तर हक्क जातो आणि सगळे आठ लाख मित्राचे होतात. दोन्हींत फरक जमीन-अस्मानाचा आहे. कलम कुठल्याही प्रकारचं असो, बोर्डाचा ठराव करा, मित्राला लेखी नोटीस द्या, पैसे पाठवा, आणि मग कॅप टेबलमध्ये मित्राचं CS-3 सर्टिफिकेट रद्द करून २,३३,३३३ शेअरचं नवीन सर्टिफिकेट काढा. क्रम हाच ठेवा. कॅप टेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून आधी आकडा बदलला आणि ठराव झालाच नाही, असं झालं तर पुढच्या गुंतवणूकदाराचा वकील तिथेच अडवतो. कागदी सर्टिफिकेट मित्राकडेच असेल तर ते परत मागा. चांगल्या करारात ते आधीच कंपनीकडे ठेवलेलं असतं आणि त्यासोबत मित्राची सही असलेलं, तारीख न टाकलेलं हस्तांतरपत्रही.

आता नवे आकडे. लोकांच्या नावावर ७४,३३,३३३ शेअर उरतात, त्यात तुमचे ४८.४३ टक्के. पूल धरून ८४,३३,३३३ होतात, त्यात ४२.६९. त्याला ०.९० ने भागलं की ९३,७०,३७० येतात, आणि सेफनंतर तुमचे ३८.४२ टक्के. भागीदाराची पद्धत मात्र अजूनही ३६च सांगेल, कारण नोंदणीपत्रातला एक कोटी हलणारच नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. परत आलेले ५,६६,६६७ शेअर आपोआप ऑप्शन पूलमध्ये जात नाहीत. गुंतवणूकदार म्हणेल, ते पूलमध्ये घाला, नवीन माणसं लागणारच आहेत. त्याला बोर्ड आणि भागधारकांची मंजुरी लागेल. तसं केलं तर पूल १५,६६,६६७ होतो, पूर्ण बेरीज पुन्हा नव्वद लाखांवर येते आणि तुम्ही पुन्हा ३६वर येता. सेफवाल्याला दोन्ही वेळा दहाच टक्के मिळतात, म्हणून ही मागणी त्याला काही खर्चात पडत नाही. किती माणसं, कोणत्या हुद्द्यावर, किती ऑप्शन, असा हिशेब मांडून गरजेपुरताच पूल वाढवा. आणि दहा टक्के हे पुढच्या फेरीचे नवे पैसे येण्याआधीचे आहेत. त्या फेरीत सगळेच आणखी पातळ होतात. पुढची फेरी कॅपपेक्षा कमी भावाने झाली तर सेफवाल्याला दहाहून जास्त जातात, हेही गृहीत धरा.

आता CS-2 हातात घ्या. CS म्हणजे कॉमन स्टॉक, 2 हा क्रमांक. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर असावं. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही, यावरून इथल्या बँकेत अडकतं. शेअरचा प्रकार, संख्या, काढल्याची तारीख आणि कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या पाहा. एकच माणूस दोन पदांवर असेल तर दोन्ही सह्या त्याच्या चालतात. खाली किंवा मागे बारीक अक्षरांत मजकूर असतो, की हे शेअर अमेरिकेच्या १९३३ च्या सिक्युरिटीज कायद्याखाली नोंदलेले नाहीत आणि विक्रीवर बंधन आहे. तो असायलाच हवा. सर्टिफिकेट कागदी नसेल तरी चालतं. बोर्डाने ठराव केला असेल तर शेअर फक्त नोंदीत असू शकतात, मग त्याची लेखी सूचना मिळते.

आणि सर्टिफिकेट एकटं पुरेसं नाही. सातबाऱ्यावर आज कोणाचं नाव आहे ते दिसतं, ते तिथे कसं आलं हे पाहायला फेरफार काढावा लागतो. कॅप टेबल हा फक्त गोषवारा आहे. कंपनीचं फेरफाराचं रजिस्टर म्हणजे स्टॉक लेजर, ज्यात प्रत्येक शेअर कधी, कोणाला, कशाबद्दल गेला ते तारखेनिशी असतं. डेलावेअरच्या कायद्याचं कलम २१९ मतदान कोण करू शकतो यासाठी लेजरलाच पुरावा मानतं. म्हणून CS-2 च्या मागे चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: तुम्हाला शेअर देण्याचा बोर्डाचा ठराव, तुमच्या सहीचा खरेदी करार, तुम्ही ३६० डॉलर भरल्याचा पुरावा, आणि लेजरमधली नोंद. तारखा आणि आकडे चारही ठिकाणी एकच हवेत. सगळ्यात जास्त वेळा सापडत नाही तो ३६० डॉलरचा पुरावा. तो नसेल तर आजच शोधायला लागा.

त्याचं कारण फक्त अमेरिकेतलं नाही. इथे राहून परदेशी कंपनीचे शेअर घेणं ही २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांखाली येणारी गोष्ट आहे. पैसे अधिकृत बँकेतून फॉर्म एफसी भरून जायला हवेत, आणि शेअर मिळाल्याचा पुरावा पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत बँकेत द्यायचा असतो. भागीदाराने तुमच्या वतीने कॅलिफोर्नियातून ३६० डॉलर भरून टाकले असतील तर हा माग तुटलेला आहे. परकीय चलनाचं काम करणाऱ्या सीएकडे CS-2 आणि खरेदी करार घेऊन जा. अमेरिकी कंपनी भारतात उपकंपनी काढणार असेल तर तेही त्यांना आधीच सांगा, कारण उपकंपनी असलेल्या परदेशी कंपनीत व्यक्तीने नियंत्रण ठेवण्यावर त्याच नियमांत बंधन आहे. पुण्याच्या मित्राला मिळणारे ५६.६७ डॉलरही त्याच्या बँकेला कळवावे लागतील. तुमच्या आयकर विवरणपत्रात हे शेअर परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावे लागतात, भाव शून्य वाटत असला तरी.

कॅलिफोर्नियाच्या भागीदाराला एकच प्रश्न विचारा: शेअर मिळाल्यापासून तीस दिवसांत ८३(ब)ची निवड, म्हणजे सगळ्या शेअरवरचा कर सुरुवातीच्याच भावाने मोजण्याचा अर्ज, त्याने आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, पाठवली का, आणि पाठवल्याची पावती आहे का? ही मुदत वाढत नाही. ती चुकली असेल तर प्रत्येक महिन्याला पिकणाऱ्या शेअरवर, त्या वेळच्या भावाने, त्याला कर लागू शकतो. तुम्ही अमेरिकेत कर भरत नसाल तर आज तुमच्यावर त्याचा बोजा नाही. पण व्हेस्टिंग चालू असताना तिकडे राहायला जाण्याचा बेत असेल तर जाण्यापूर्वी तिथल्या कर सल्लागाराला विचारा.

तुमचं स्वतःचं व्हेस्टिंगही मोजून ठेवा. ४ मार्चची तारीख खरी असेल तर ४ जून २०२५ ला पंधरा महिने पूर्ण होतात आणि छत्तीस लाखांपैकी ११,२५,००० शेअर पक्के तुमचे होतात. कॅप टेबलमधला Vested रकाना त्या तारखेला हाच आकडा दाखवतो का ते पाहा. दाखवत नसेल तर सुरुवातीची तारीख कुणीतरी उलटी टाकली आहे, आणि मित्राचा हिशेब करण्याआधी तीच दुरुस्त करून घ्या.